डक्टची गळती (छतपोकळीतील)

वातानुकूलन यंत्रातून खोलीकडे थंड हवा नेणाऱ्या, किंवा खोलीतली हवा यंत्राकडे परत आणणाऱ्या पत्र्याच्या डक्टमधून सांधे, कोपरे व जोडांवाटे होणारी हवेची अनिष्ट ये-जा. डक्ट फॉल्स सीलिंगच्या वर, म्हणजे छताचा स्लॅब आणि जिप्समचे आवरण यांच्यामधल्या पोकळीत असेल, तर ही गळती डोळ्यांना दिसत नाही आणि वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. जबलपूरच्या गोरखपूर बाजारभागासारख्या वस्तीत तळमजल्यावर दुकान, वर गोदाम किंवा कार्यालय आणि सर्वांत वर उघडी गच्ची, अशी बांधणी सर्रास आढळते. (हा गोरखपूर जबलपूर शहरातला भाग आहे, उत्तर प्रदेशातले शहर नव्हे.) अशा इमारतीतला वरचा मजला हे या विषयाचे नेमके ठिकाण होय.

समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवरच्या या शहरात मे महिन्यात बाहेरचे तापमान 42-43 अंशांवर जाते. उन्हाने तापलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत खालच्या पोकळीत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे पोकळीतली हवा दुपारी 40 अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम असते. डक्टमधली हवा मात्र 13-14 अंशांची. मधे असतो एक पातळ पत्रा आणि त्यावरचे इन्सुलेशन. मेमध्ये गळतीने वीज वाया जाते. जुलैत तीच गळती आणखी एक रूप दाखवते. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू 24-25 अंशांपर्यंत पोचतो, आणि थंड हवेची फुंकर लागून गार झालेल्या पत्र्यावर पाणी धरते. छतावर तपकिरी कड्यांचे डाग उमटतात आणि दुकानदार आधी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर खर्च करतो. डाग पाऊस पडल्यावर वाढतो की यंत्र चालू असताना, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा निकाल लागतो.

गळतीचे दोन प्रकार नीट वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांची लक्षणे उलट असतात. पुरवठ्याच्या डक्टमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून थंड हवा पोकळीत निसटते. परतीच्या डक्टमध्ये ब्लोअरच्या ओढीमुळे दाब कमी असतो, म्हणून पोकळीतली तापलेली, धुळकट हवा आत ओढली जाते. इन्सुलेशन काढल्यावर सांध्याजवळ काळपट रेघ किंवा धूळ जमलेली दिसली, तर तिथून हवा वाहते आहे असे समजावे.

तापमानावरून गळती जोखण्याची पद्धत मेकॅनिक लोकांत फार रूढ आहे. यंत्राच्या तोंडाशी एक तापमान घ्यायचे, ग्रिलशी दुसरे घ्यायचे आणि फरक मोठा आला की ‘डक्ट गळतोय’ म्हणायचे. यात एक मूलभूत घोटाळा आहे. पुरवठ्याच्या डक्टला भोक पडले म्हणून आत उरलेली हवा गरम होत नाही. ती कमी होते, एवढेच. शंभरातली वीस टक्के हवा निसटली तरी उरलेली ऐंशी टक्के तितकीच थंड असते. ग्रिलवरचे वाढलेले तापमान थेट सांगते ते पत्र्यातून आत शिरलेल्या उष्णतेविषयी, म्हणजे इन्सुलेशनविषयी. गळतीविषयी ते फक्त आडून सांगते: हवा कमी आणि हळू वाहू लागली की तितक्याच पत्र्यातून शिरलेली उष्णता थोड्या हवेत वाटली जाते, आणि प्रत्येक किलो हवा जास्त तापते. प्रवाह निम्मा झाला, तर वाढ साधारण दुप्पट होते. म्हणून एकाच ग्रिलच्या आकड्याला अर्थ नाही. सारख्या लांबीच्या, सारख्या इन्सुलेशनच्या दोन फाट्यांची तुलना केली तर अर्थ आहे.

परतीच्या बाजूला हाच थर्मामीटर सरळ आणि चांगला पुरावा देतो, कारण तिथे दोन तापमानांची हवा प्रत्यक्ष मिसळते. खोलीच्या परतीच्या ग्रिलवरचे तापमान, पोकळीचे तापमान आणि कॉइलमध्ये शिरण्याआधीचे तापमान, ही तीन मोजली की बाहेरून शिरलेल्या हवेचा वाटा काढता येतो:

वाटा = (कॉइलआधीचे − खोलीचे) ÷ (पोकळीचे − खोलीचे)

मोजणी सावधपणे करावी लागते. यंत्र अर्धा तास सलग चालू द्यावे, कॉम्प्रेसर बंद-चालू होत असताना वाचन घेऊ नये, आणि शक्य तर सगळीकडे एकच, 0.1 अंश दाखवणारा प्रोब वापरावा. दोन वापरायचे असतील, तर आधी ते बर्फ-पाण्यात बुडवून 0 अंशाशी ताडून घ्यावेत. प्रोब हवेच्या झोताच्या मधोमध असावा, ग्रिलच्या पट्टीला टेकलेला नसावा. लेझरचा ठिपका दाखवणारी तापमानाची बंदूक इथे कुचकामी आहे: ती हवेचे नव्हे, समोरच्या पृष्ठाचे तापमान वाचते, आणि चकचकीत पत्र्यावर तर तेही चुकीचे.

नमुन्यादाखल एक गणित पाहू. गोरखपुरातल्या वरच्या मजल्यावरच्या एका दुकानात 5 टनांचे डक्टेबल यंत्र आहे असे समजा. ब्लोअरची हवा मिनिटाला 2000 घनफूट, मुख्य डक्ट 12 मीटरचा, 450 गुणिले 300 मिलिमीटरचा, त्यावर 19 मिलिमीटर नायट्रिल रबराचे इन्सुलेशन, आणि चार ग्रिले. मे महिन्यातली दुपार. खोली 26 अंश, पोकळी 41. इन्सुलेशन ठाकठीक असेल, तर अशा डक्टमधून आत शिरणारी उष्णता सुमारे 700 वॉट भरते आणि पूर्ण हवा वाहत असताना मुख्य डक्टमध्ये तापमान पाऊण अंशाहून कमीच चढते. पुढे ग्रिलगणिक हवा घटत जाते म्हणून टोकाकडे एक-सव्वा अंशाची वाढ स्वाभाविक धरावी. इन्सुलेशन नसतेच, तर ही वाढ दोन अंशांपलीकडे गेली असती.

आता वाचने: यंत्राच्या तोंडाशी 13.5, पहिल्या तीन ग्रिलांवर 13.9, 14.2 आणि 14.6. इथवर तक्रारीला जागा नाही. चौथ्यावर मात्र 16.1. तिसऱ्यापासून चौथ्याकडे जाणारा फाटा फक्त 4 मीटरचा आहे. ठरलेली 500 घनफूट हवा त्यातून गेली असती, तर तापमान जेमतेम अर्धा अंश चढले असते. चढले दीड अंश. याचा अर्थ हवा तिथे एक तृतीयांश पोचते आहे, किंवा इन्सुलेशन उघडे पडले आहे. निर्णय अॅनिमोमीटरने होतो: वेग शेजारच्या ग्रिलसारखाच असेल तर इन्सुलेशन दोषी, वेग पडलेला असेल तर गळती किंवा अर्धवट बंद डॅम्पर. डॅम्परची दांडी पाहायला एक मिनिट लागते; ते आधी पाहावे.

परतीची बाजू: ग्रिलवर 26, कॉइलआधी 28.3. वरच्या सूत्राने 2.3 भागिले 15, म्हणजे 15 टक्के हवा पोकळीतून शिरते आहे. थोडा भाग पत्र्यातून शिरलेल्या उष्णतेचा असेल, पण परतीची हवा 26 अंशांची असल्याने तो लहान. यंत्रातली सगळी हवा या जादा 2.3 अंशांनी थंड करायला सुमारे अडीच किलोवॉट, म्हणजे 0.7 टन क्षमता खर्ची पडते. पाच टनांचे यंत्र घेतले, वापरायला मिळाले सव्वाचार. ग्रिलवर हात ठेवून पाहणाऱ्याला यातले काहीही कळत नाही, कारण यंत्राच्या तोंडाशी हवा गारच लागते.

काही ठिकाणी परतीचा डक्टच नसतो. छतपोकळी हीच परतीची वाट असते. तिथे पुरवठ्यातून निसटलेली थंड हवा पोकळीतून पुन्हा यंत्रात जाते आणि कॉइलआधीचे तापमान खोलीपेक्षा कमी भरू शकते. असे वाचन आले की थर्मामीटर बिघडला असे म्हणून ते सोडू नये; ती पुरवठ्याच्या गळतीची खूण आहे.

गळती बुजवण्यासाठी आज सर्वांत भरवशाचा पदार्थ म्हणजे मॅस्टिक, ब्रशने लावता येणारा घट्ट, सुकल्यावरही लवचिक राहणारा लेप. टेपेने काम उरकण्याचा मोह मोठा असतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन व इयन वॉकर यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळी सीलंट तापवून-थंड करून तपासली, तेव्हा रबरी गोंदाची कापडी टेप सपशेल नापास झाली आणि मॅस्टिक टिकले. आपल्याकडच्या धुळीने माखलेल्या जुन्या पत्र्यावर टेपेकडून अधिक आशा धरण्याचे कारण नाही.

काम ब्लोअरच्या जवळून सुरू करावे. तिथे दाब सर्वाधिक असतो, म्हणून तेवढ्याच फटीतून जास्त हवा जाते. टोकाच्या ग्रिलजवळचा सांधा तुलनेने बिनमहत्त्वाचा. यंत्राचा कॉलर, प्लेनमचे चार कोपरे, फाटे फुटतात त्या जागा, मग फ्लँज, असा क्रम ठेवावा. यंत्र बंद करून सांध्यावरचे इन्सुलेशन दोन्ही बाजूंना वीतभर सोलून घ्यावे, पत्रा तारेच्या ब्रशने व ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. मॅस्टिक हवा अडवते, वजन पेलत नाही. सुटलेला सांधा आधी स्क्रूने आवळलाच पाहिजे. 6 मिलिमीटरपेक्षा मोठी फट असेल, तर तिच्यावर काचतंतूची जाळी ठेवून तीत लेप जिरवावा. लेपाची जाडी सुमारे 2 मिलिमीटर हवी आणि तो फटीच्या दोन्ही कडांना इंचभर पसरावा. पत्रा लेपातून झळकत असेल, तर लेप कमी पडला आहे. हाताने कोपऱ्यात दाबून भरणे ब्रशपेक्षा चांगले जमते; हातमोजे घालावेत.

तपासणीचे झाकण आणि यंत्राला जोडणारा कॅनव्हासचा तुकडा यांवर मॅस्टिक लावू नये. झाकणाला गॅस्केट द्यावा, फाटका कॅनव्हास बदलावा. लेप सुकायला दिवसभर, पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ द्यावा. तोवर ब्लोअर चालवला तर ओल्या लेपातून हवा बुडबुडे काढत वाट करून घेते. इन्सुलेशन परत बसवताना त्याचे जोडही चिकटवून बंद करावेत, नाहीतर ओलसर हवा पत्र्यापर्यंत पोचून पावसाळ्यात थेंब धरतातच. हे शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते.

दुरुस्तीनंतरची वाचने आधीच्या आकड्यांशी थेट ताडू नयेत. परतीची गळती थांबली की कॉइलमध्ये शिरणारी हवा थंड होते, म्हणून यंत्राच्या तोंडाशीही तापमान उतरते आणि सगळीच ग्रिले थंड दिसतात. ताडायचे ते फरक: तोंडापासून ग्रिलपर्यंतची वाढ, आणि खोलीपासून कॉइलपर्यंतची वाढ. पोकळीचे तापमानही तेवढेच असावे. मेमधले वाचन ऑगस्टमधल्या वाचनाशी जुळवून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. फटी बुजल्यावर डक्टमधला दाब वाढतो आणि जवळच्या ग्रिलांना गरजेपेक्षा जास्त हवा मिळू लागते, म्हणून डॅम्पर नव्याने लावून घ्यावे लागतात. वरच्या उदाहरणात कॉइलआधीची वाढ 2.3 वरून अर्ध्या अंशाच्या आत आली आणि चौथ्या फाट्यातली दीडवरून पाऊण अंशावर, तर काम झाले असे धरावे. त्यापलीकडची गळती शोधायची तर डक्टची तोंडे बंद करून पंख्याने दाब देऊन चाचणी घ्यावी लागते, आणि ते थर्मामीटरचे काम नाही.