ठाणे ते दिवा : सात, नऊ की सोळा?

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मी एक छोटंसं फंक्शन लिहिलं होतं. गोदामापासून गिऱ्हाईक १० किलोमीटरच्या आत असेल, तर स्क्रीनवर 'आजच पोचेल' दाखवायचं. गोदाम ठाणे स्टेशनजवळ, आणि मी राहतो दिव्याला. टेस्टिंगला घरचाच पत्ता टाकला, उत्तर 'आजच' आलं, मी खूश. पहिल्याच आठवड्यात डिलिव्हरीवाल्या मुलाचा फोन आला. "दादा, हे दहाच्या आत कोणी मोजलं? मी अजून शीळफाट्यावर अडकलोय."

मोजलं मीच होतं आणि गणित चुकलं नव्हतं. ठाणे आणि दिवा ही स्टेशनं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे फक्त रेखांशातला फरक बघायचा. तो साधारण ०.०६७ अंश. आपल्याकडे एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. गुणाकार केला की सात किलोमीटर येतात. कावळ्याला हे उत्तर पुरेसं आहे.

त्या मुलाच्या बाइकला मात्र पारसिकचा डोंगर आडवा येतो. डोंगराच्या उत्तरेला खाडी. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून रस्ता कळव्याहून मुंब्र्यापर्यंत येतो. तिथून दिवा नाकासमोर दोनेक किलोमीटरवर. पण मुख्य रस्ता तिकडे न जाता दक्षिणेला वळतो, शीळफाट्याला पोचतो, आणि मग दिव्यासाठी पुन्हा उत्तरेला यावं लागतं. सातचे पंधरा-सोळा होतात, आणि शीळफाट्याचा ट्रॅफिक वेगळाच.

रेल्वेचं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली. पुढच्या वर्षी, १८५४च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोचली. डोंगर मधोमध फोडण्याऐवजी रूळ खाडीच्या कडेने वळवले गेले. मुंब्र्याजवळ छोटे बोगदे लागले, पण मुख्य डोंगराला वळसाच घातला. म्हणून कळवा-मुंब्रामार्गे ठाणे-दिवा अंतर सुमारे नऊ किलोमीटर भरतं.

मग १९१६मध्ये पारसिकचा १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा सुरू झाला. डोंगराच्या पोटातून जवळपास सरळ रेघ. फास्ट गाड्या तिथून जायला लागल्या आणि दिव्याच्या तोंडाशी बाहेर पडायला लागल्या. पण दिव्याला थांबायच्या नाहीत. म्हणजे जवळची वाट दिव्यावरूनच जात होती, तरी दिवेकरांना कळवा-मुंब्र्याची लांबची वाट. २ जानेवारी २०१५ला गाड्यांच्या गोंधळानंतर दिव्यात लोक रुळांवर उतरले, दगडफेकही झाली. फास्ट लोकलला इथे थांबा मिळाला तो २०१६च्या डिसेंबरात. बोगद्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.

२०२२मध्ये उत्तर पुन्हा बदललं. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. स्लो लोकलसाठी नवे रूळ आले, जुन्या स्लो रुळांवर फास्ट लोकल आल्या आणि पारसिकचा बोगदा मुख्यतः मेल-एक्स्प्रेसकडे गेला. लोकलच्या वाटेतून मेल-एक्स्प्रेस बाजूला झाल्या, हा फायदा खरा. पण फास्ट लोकल १८५४च्या त्या वळणावर परत आली.

वळणावर रुळांची एक बाजू उंच ठेवलेली असते, म्हणून डबा आतल्या अंगाला कलतो. शेजारच्या रुळावरून समोरून दुसरी गाडी आली, आणि दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली असली, पाठीवर बॅगा असल्या, की मधली जागा आणखी कमी होते. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. मी पंधरा मिनिटं आधीच्या गाडीला होतो, दारातच.

सकाळी दिव्याला आत शिरायला जागा नसते, म्हणून आमच्या इमारतीतले काही जण आधी उलट डोंबिवलीला जातात आणि तिथून गाडी पकडून परत दिव्यावरूनच ठाण्याला जातात. सहा किलोमीटर मागे जाऊन, मग पुढे. कोणत्याच नकाशावर हा 'सर्वात जवळचा मार्ग' म्हणून येणार नाही.

ते फंक्शन मी नंतर बदललं. आता ते दोन बिंदूंमधलं अंतर काढत नाही, त्या वेळेला बाइकने रस्त्यावरून किती मिनिटं लागतील ते विचारतं. दिव्याला आता 'उद्या' दाखवतं. आईने परवा ऑर्डर करताना विचारलं, "ठाण्याहून यायला उद्या? तिसरं तर स्टेशन आहे!"

तिचंही बरोबर आहे. कळवा, मुंब्रा, दिवा. तिसरंच.