परवाना कुठे लागतो, प्रमाणपत्र कुठे पुरतं?

कायद्याचा परवाना नसेल तर काम करणं गुन्हा ठरतो. ऐच्छिक प्रमाणपत्र नसेल तर फार तर बायोडाटात एक ओळ कमी पडते. करिअर ठरवताना हा फरक आधी बघायला हवा.

डॉक्टरकीत परवाना लागतोच. मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी नसताना उपचार केले, तर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

समजा, लातूरची एक मुलगी एमबीबीएसला परदेशी निघाली आहे. ती नीट पास हवी. 2021 च्या नियमांप्रमाणे तिथला कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या डिग्रीवर त्या देशातही प्रॅक्टिस करता यायला हवी. परतल्यावर एफएमजीई परीक्षेत 300 पैकी 150 गुण लागतात. एक अट चुकली तरी इथली नोंदणी अडकते. म्हणून एजंटच्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर थांबू नका, फी भरण्याआधी या अटी कॉलेजकडून लेखी घ्या.

इंजिनिअरिंगचं तसं नाही. नांदेडच्या एसजीजीएसमधून सिव्हिल केलेल्या मुलाला नोकरीसाठी कुठल्याच कौन्सिलची नोंदणी लागत नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. पण उद्या त्याला लोकांच्या घरांचे नकाशे सही करून मंजुरीला द्यायचे असतील, तर महापालिकेचा परवाना काढावा लागेल. तेव्हा महागड्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : याच्याशिवाय कोणतं काम अडतं?