फसलेले यूपीआय पेमेंट : वजा झालेल्या पैशांचा ठावठिकाणा

मोबाइलवरून पैसे पाठवताना पडद्यावर व्यवहार फसल्याचे दिसते, पण बँकेचा एसएमएस रक्कम खात्यातून वजा झाल्याचे सांगतो. अशा वेळी ग्राहक पडद्याचा स्क्रीनशॉट बँकेला, दुकानदाराला किंवा जाणत्या नातेवाइकाला पाठवतो आणि एवढेच विचारतो : माझे पैसे कुठे आहेत? भारतात 2016 साली यूपीआय सुरू झाल्यापासून हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर त्याच स्क्रीनशॉटवरून बऱ्याच अंशी देता येते, मात्र त्यात काय पाहायचे हे माहीत हवे.

आधी पैशाची वाट पाहू. ग्राहक अॅपमध्ये पिन टाकतो, तेव्हा ती विनंती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे एनपीसीआयच्या मधल्या यंत्रणेकडे जाते. ही यंत्रणा प्रथम पाठवणाऱ्याच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते. तिकडून होकार आला, की घेणाऱ्याच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते आणि शेवटी अॅपला निकाल कळवते. वजा आधी आणि जमा नंतर, हा क्रम ठरलेला आहे. त्यामुळे दोन पावलांच्या मध्ये कुठेही संदेश अडला, की वजा झालेले दिसते आणि जमा झालेले दिसत नाही. अॅप स्वतः पैसे हाताळत नाही, ते फक्त आपल्यापर्यंत पोहोचलेला निकाल दाखवते. म्हणून स्क्रीनशॉट हा त्या क्षणी अॅपला काय ठाऊक होते याचा पुरावा आहे. पैसा आत्ता कुठे आहे, हे बँकेच्या खातेउताऱ्यावरून ठरते.

अडथळा कुठे आला त्यावर पैशाची जागा ठरते. पाठवणाऱ्याच्या बँकेने रक्कम वजा केली, पण तिचा होकार वेळेत एनपीसीआयपर्यंत पोहोचला नाही, तर व्यवहार फसला असे धरले जाते आणि त्या बँकेला वजावट उलटवण्याचा संदेश जातो. इथे पैसे ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेतच असतात, फक्त त्याच्या खात्यात परतलेले नसतात. घेणाऱ्याच्या बँकेने स्पष्ट नकार दिला, उदाहरणार्थ खाते बंद असल्यामुळे, तरी हेच घडते. बहुतेक वेळा अशी उलट नोंद थोड्याच वेळात होते.

घेणाऱ्याच्या बँकेने हो किंवा नाही असे काहीच कळवले नाही, तर प्रकरण अवघड होते. एनपीसीआय अशा व्यवहाराला ‘डीम्ड’, म्हणजे झाला असे गृहीत धरलेला व्यवहार मानते. बँकांच्या आपापसातल्या हिशेबात रक्कम पाठवणाऱ्या बँकेकडून घेणाऱ्या बँकेकडे जाते. पैसे तिथे पोहोचलेले असतात, पण घेणाऱ्या माणसाच्या खात्यात पडलेले नसतात. त्या बँकेने नोंदी ताडून पाहायच्या आणि जमा झाली असेल तर तसे कळवायचे, होत नसेल तर रक्कम परत पाठवायची. ग्राहक आपल्याच शाखेत हेलपाटे घालतो, पण चावी दुसऱ्या बँकेच्या हातात असते. तरीही तक्रार आपल्याच बँकेत किंवा अॅपमध्ये करायची, कारण समोरची बँक आपल्याला ग्राहक मानत नाही.

दुकान किंवा संकेतस्थळ असेल, तर आणखी एक मुक्काम वाढतो. बसचे तिकीट काढताना रक्कम पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीकडे पोहोचलेली असते, पण तिकीट देणाऱ्या संकेतस्थळाला ती मिळाल्याची खबर वेळेत लागत नाही आणि आरक्षण रद्द होते. अशा वेळी बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्णपणे यशस्वी असतो. बँक ‘आमच्याकडून पैसे गेले’ म्हणते, संकेतस्थळ ‘आम्हाला मिळाले नाहीत’ म्हणते, आणि दोघेही खोटे बोलत नसतात. पैसे मधल्या कंपनीच्या खात्यात असतात आणि परतावा तिथूनच निघतो.

आता स्क्रीनशॉट. त्यात चार गोष्टी हव्यात : रक्कम, तारीख-वेळ, Failed की Pending हा शब्द, आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक. शेवटची गोष्टच बहुधा राहून जाते, कारण तो क्रमांक तपशील उघडल्यावर दिसतो. काही अॅप आपला स्वतःचा लांबलचक क्रमांक वर ठळक दाखवतात. त्यात अनेकदा अक्षरेही असतात आणि बँकेच्या काउंटरवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. UPI Ref No. किंवा UTR असे लिहिलेला, फक्त अंकांचा, बारा अंकी क्रमांकच द्यावा. सर्वसाधारणपणे त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस हे सांगतात. जुना स्क्रीनशॉट आजचा म्हणून पुढे आला, तर ते यावरूनही लक्षात येते.

समजा, शनिवार 14 मार्च 2026 रोजी संध्याकाळी एका मुलाने गावी आईला 2,400 रुपये पाठवले. पडद्यावर Pending आले, बँकेचा एसएमएस आला, आईच्या खात्यात काही नाही. क्रमांक 6073 ने सुरू होतो : 2026 सालचा त्र्याहत्तरावा दिवस, म्हणजे 14 मार्चच. Pending याचा अर्थ निकाल लागायचा आहे. अशा वेळी लगेच पुन्हा 2,400 पाठवणे ही सर्वांत महाग पडणारी घाई, कारण पहिली रक्कमही नंतर जमा होऊ शकते. आईच्या पासबुकात किंवा मुलाच्या उताऱ्यात तोच बारा अंकी क्रमांक शोधायचा. आईकडे जमा दिसली तर प्रश्न मिटला. मुलाच्या उताऱ्यात त्याच रकमेची जमा नोंद REV अशा खुणेसह आली, तर पैसे परत आले. अनेकदा पैसे मध्यरात्री परत येतात, एसएमएस येत नाही आणि माणूस दुसऱ्या दिवशीही ते शोधत बसतो.

रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने पैसे परत करण्याला मुदत घातली आहे. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा होऊ शकली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत व्हायला हवी. दुकानदाराला पेमेंटची खात्री मिळाली नसेल, तर व्यवहारानंतरच्या पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता खात्यात जमा करायची आहे. दिवस कॅलेंडरचे धरतात. वरच्या उदाहरणात रविवार 15 मार्च ही मुदत, सोमवारपासून भरपाई. हा नियम फार चांगला आहे, पण तो माहीत नसल्यामुळे लोक मिळालेल्या मूळ रकमेवरच समाधान मानतात. भरपाई आपोआप आली नाही, तर लेखी मागावी. चुकीच्या माणसाला गेलेले पैसे मात्र यात येत नाहीत, कारण तो व्यवहार फसलेला नसतो.

मुदत उलटली, की अॅपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवायची, मग बँकेकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेचा तक्रार क्रमांक तिथे लागतो, म्हणून नुसत्या फोनवर भागवू नये. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करणे धोक्याचे आहे. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात, आणि पैसे अडकलेला घाबरलेला माणूस त्यांना नेमका सापडतो. नंबर अॅपमधून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. परतावा मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना आणि शिल्लक पाहताना लागतो. परताव्यासाठी पिन टाकायला लावून पैसे गेलेच, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.