अलिफ, बे... आणि मग जीम की ते?

मागे एकदा आमच्या भाच्याने एक काम गळ्यात टाकलं होतं. सोलापुरात टॉवेलांचा धंदा, त्यामुळे काठ शिवायच्या मशिनींशी त्याचा रोजचा संबंध. ओळखीतल्या एकाला शिलाई मशिनी मस्कतला पाठवायच्या होत्या आणि माहितीपुस्तकातलं एक पान अरबीत हवं होतं. पानावर मशिनीचा फोटो, फोटोतल्या भागांवर रेघा ओढून A ते F अक्षरं, आणि खाली यादी. A रिळाची दांडी, B ताणाच्या चकत्या, C धागा खेचत वरखाली होणारी दांडी, D सुई, E दाबाचा पाय, F बॉबिन केस. सहा तर नावं! मी हो म्हटलं.

नावं अरबीत लिहून दिली ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी. फोटोवरची अक्षरं बदलली मस्कतच्याच एका मुलाने, मेलवरून. दोन्ही जोडून पान तयार. छापायच्या आदल्या दिवशी मास्तर सहज पाहून म्हणाले, "अहो, फोटोत दाल आहे, माझ्या यादीत दाल कुठाय?"

झालं होतं असं, की मास्तरांनी पहिल्या पुस्तकातला क्रम लावला होता: अलिफ, बे, ते, से, जीम, हे. मुलाने जुना 'अबजद' क्रम लावला: अलिफ, बे, जीम, दाल, हे, वाव. (शेवटचं 'हे' दोघांचं वेगवेगळं. मराठीत लिहिताना सारखं दिसतं, अरबीत अक्षरं दोन आहेत.) यादीत नसलेलं दाल निदान डोळ्यांत खुपतं. खरा घात जीमचा. तो दोन्हीकडे होता! फोटोत जीम म्हणजे धागा खेचणारी दांडी, यादीत जीम म्हणजे दाबाचा पाय. वाचणाऱ्याला शंकाही आली नसती, त्याने चुकीच्याच भागात धागा ओवला असता.

चूक मास्तरांची म्हणवत नाही, पण अरबीत मुद्दे पाडायला आजही अबजदच चालतो. तो क्रम आपल्यालाही अनोळखी नाही. रिक्षांवर ७८६ लिहिलेलं असतं ना, ती बेरीज याच हिशेबाची: अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४.

मग मी या जीमच्या मागेच लागलो. नवव्या शतकात बगदादमध्ये युक्लिडची भूमिती ग्रीकमधून अरबीत आली. आकृत्यांच्या कोपऱ्यांवर अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. त्या लोकांनी त्यांच्या जागी अलिफ, बे, जीम, दाल ठेवले, आणि मजकुरातही तेच. दोन्ही लिप्यांचा जुना क्रम एकाच मुळातला, म्हणून जोडी जमली. पुढे बाराव्या शतकात तेच ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये गेले, तेव्हा कित्येक आकृत्यांवर a, b, c ऐवजी a, b, g, d अशी अक्षरं आली. तिसऱ्या जागी g दिसला की ओळखावं, आकृती अरबीतून किंवा थेट ग्रीकमधून आली आहे.

आणि आपल्याकडे? सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडिताने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नसीरुद्दीन तूसीच्या अरबी युक्लिडवरून संस्कृत 'रेखागणित' रचलं. त्यातले त्रिकोण क-ख-ग नाहीत, अ-ब-ज आहेत! ग्रंथ मुंबई संस्कृत मालेत १९०१-०२ च्या सुमारास छापला गेला. पंडिताला क-ख-ग सहज लावता आलं असतं. पण मग प्रत्येक आकृती आणि प्रत्येक ओळ दोन्हीकडे बदलावी लागली असती, आणि एक जरी निसटली तरी सिद्धता मोडली असती. त्याने तसं का केलं हे त्याने लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही, पण मशिनीचं पान हाताळल्यावर मला त्याचं मन कळल्यासारखं वाटलं.

यंत्रांचं म्हणाल तर अल-जझरीने १२०६ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पाणघड्याळं आणि पाणी उपसायच्या यंत्रांची चित्रं आहेत, भागांवर अक्षरं घातलेली, मजकुरात त्याच अक्षरांनी समजावलेलं. म्हणजे आमचं पान आठशे वर्षं जुन्या जातीचं! त्यातही जीमचाच त्रास असतो. जीममधला ठिपका नकलणाऱ्याने गाळला की ते दुसरंच अक्षर होतं. म्हणून खगोलाच्या कोष्टकांत जीमची शेपटी तोडून लिहायची पद्धत पडली.

असो. आम्ही काय केलं ते सांगतो. मूळ अक्षर, अरबी अक्षर, भागाचं नाव, अशा तीन रकान्यांचा एक कागद केला आणि फोटो व यादी दोन्ही त्यावरूनच भरली. A अलिफ, C जीम, F वाव. मग मास्तरांनी यादी झाकली, मी खऱ्या मशिनीवर एकेका भागाला बोट लावलं, त्यांनी फोटोतलं अक्षर वाचलं आणि मगच यादी उघडली. सहाही जुळले.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, हे चाक डावीकडे कसं?" अरबी पान उजवीकडून सुरू होतं म्हणून छापखान्यातल्या पोऱ्याने अख्खं पान आरशासारखं उलटवलं होतं, फोटोसकट. अक्षरं नंतर सरळ बसवली होती, त्यामुळे ती सगळी बरोबर जुळत होती... फक्त मशीन डावखुरी झाली होती. फोटो पुन्हा सरळ केला, रेघा पुन्हा ओढल्या, आणि बोट लावायचा कार्यक्रम पहिल्यापासून.