खारं पाणी, गोडं पाणी : पूर्णेकाठच्या मिठाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेख.

एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांना घेऊन अकोल्याहून पायी आमच्या नागपूरकडे निघाले. सोबत त्यांच्या गावांमधलं खारं पाणी होतं. वान धरणातून ६९ गावांना पाणी देणाऱ्या योजनेवरची स्थगिती उठवा, ही मागणी होती. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. राजकारण काय ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. मला प्रश्न पडला तो वेगळाच. समुद्राचं पाणीसुद्धा आरओने पिण्याजोगं करता येतं, तर मग या गावांना धरणच का हवं? गावागावात मशीन बसवलं की झालं ना?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलाय. इथे नदीने आणलेल्या गाळाचे, चिकणमातीचे जाड थर आहेत. पाऊस बेताचा, ऊन कडक, आणि मातीतून पाण्याचा निचरा अगदी हळू. त्यामुळे क्षार वाहून जात नाहीत, तिथेच साठत राहतात. विहीर खोल नेली की गोडं पाणी लागेल, असं इथे होत नाही. उलट बऱ्याच ठिकाणी खाली जावं तसं पाणी जास्त खारं लागतं.

आणि ही काही आजकालची गोष्ट नाही. इंग्रज काळातल्या जुन्या नोंदींमध्ये दहिहांड्याच्या बाजूला मिठाच्या विहिरी होत्या असं सापडतं. लोक मुद्दाम खोल विहिरी खणायचे, खारं पाणी वर काढायचे आणि उन्हात वाळवून मीठ करायचे. म्हणजे विचार करा, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत मिठागरं! पुढे हा धंदा संपला, पण मीठ जमिनीतच राहिलं.

आता आरओकडे येऊ. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी एक पातळ पडदा तयार केला. पाण्यावर दाब दिला की पाणी त्यातून पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे अडतात. त्यावर चालणारा पहिला गावासाठीचा प्लांट १९६५ मध्ये कोअलिंगा इथे सुरू झाला. मजा म्हणजे हे गाव समुद्रकाठी नव्हतं. आपल्या खारपाणपट्ट्यासारखंच आतलं, खारट भूजलाचं गाव. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, आठवतं? कोअलिंगालाही एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेनेच यायचं.

आरओ म्हटलं की पहिला आक्षेप विजेचा येतो. समुद्राच्या पाण्यासाठी तो खरा आहे. त्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणून वातावरणाच्या ५५ ते ७० पट दाब द्यावा लागतो. हजार लिटर गोडं पाणी काढायला ३ ते ४ युनिट वीज जाते. मुंबईत मनोरीला रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प ठरलाय. त्याचा हिशोब केला तर रोज सहा ते आठ लाख युनिट होतात.

खारपाणपट्ट्यात मात्र पाणी इतकं खारं नसतं. समजा, एका लिटरला ३ ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे टीडीएस ३०००. याला दाब खूप कमी लागतो आणि हजार लिटरला साधारण एक-दोन युनिटमध्ये काम भागतं. म्हणजे वीज हा इथला मोठा अडसर नाही. मग अडतं कुठे?

हजार वस्तीचं एक गाव धरू. पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर म्हटले तर रोज १०,००० लिटर गोडं पाणी हवं. गावातलं साधं मशीन निम्मं पाणी गोडं करतं आणि निम्मं बाहेर टाकतं. म्हणजे विहिरीतून २०,००० लिटर उपसावं लागेल. त्यात ६० किलो क्षार आहेत. मशीन ते नाहीसे करत नाही, फक्त एका बाजूला गोळा करतं. उरलेलं १०,००० लिटर पाणी आता दुप्पट खारं झालंय आणि जवळजवळ सगळे ६० किलो त्यात आहेत. वर्षाला साधारण २२ टन!

मुंबईत हे पाणी समुद्रात सोडता येतं. तिथेही ते नीट मिसळेल अशा ठिकाणी सोडावं लागतं, कारण जड असल्यामुळे ते तळाशी बसून तिथल्या जिवांना त्रास देतं. पण पूर्णेकाठी सोडणार कुठे? नालीत सोडलं तर ते मुरून पुन्हा त्याच विहिरीत येणार. शेतात सोडलं तर काळी माती आणखी बिघडणार. अस्तर घातलेल्या तळ्यात वाळवायचं म्हटलं, तर पाऊस वजा जाता वर्षाला एक मीटर पाणी उडतं असं धरू. तरी जवळपास एक एकराचं तळं लागेल, आणि खाली उरलेलं मीठ पुन्हा कुठेतरी न्यावंच लागेल.

मग मशीनकडून जास्त पाणी का काढून घेऊ नये? कारण अलीकडचं पाणी जितकं दाट होतं, तितका चुना पडद्यावर बसतो. गोड्या पाण्याची धार बारीक होत गेली, तर पडदा चोंदतोय समजा. धार तशीच पण टीडीएस वाढतोय, तर पडदा किंवा त्याचा जोड गळतोय. दोन्ही गोष्टी साध्या मीटरने आणि घड्याळ लावून बादली भरून कळतात.

दुसरा पर्याय छताचा. ५० चौरस मीटर छत आणि ७५० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के धरलं तर ३०,००० लिटर मिळतात. पाच जणांच्या घराला पिण्यासाठी रोज ५० लिटर, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा हजार. पाणी पुरतं! अडचण साठवणुकीची, कारण कोरड्या आठ महिन्यांसाठी १२,००० लिटरची झाकलेली टाकी लागते.

तिसरा पर्याय म्हणजे धरण. वान धरण सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णेच्या सपाटीपेक्षा उंचावर आहे. त्यामुळे पाणी बरंचसं उतारानेच येतं आणि मागे मीठ उरत नाही. ८४ खेडी योजना याच धरणावर चालते. पण तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांचं म्हणणंही खरं आहे : हे धरण सिंचनासाठी बांधलं, आमचं पाणी कमी होईल. थोडक्यात, आरओचं मीठ विहिरीवर पडतं आणि धरणाचा भार दुसऱ्याच्या शेतावर.

म्हणून मला तरी असं वाटतं : धुण्या-वापरण्याचं पाणी पाइपने यावं, पिण्याचं जमेल तिथे छतावरून. आरओ फक्त पिण्यापुरता, आणि तोही टाकाऊ पाण्याची जागा ठरल्यावरच. गावात मशीनचं उद्घाटन झालं, तर गोड्या पाण्याचा नळ बघाच, पण दुसरा पाइप कुठे जातो तेही विचारा.

आणि कोअलिंगाचं पुढे काय झालं? काही वर्षांनी तिथे कालव्याचं पाणी पोचलं, आणि गाव त्यावर गेलं.

तुमच्या गावाचं पाणी कुठून येतं, टीडीएस किती आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!