हिंदीतलं लिंग मराठी मुलांना कसं समजवायचं? ‘ते’ची युक्ती

आजी देवगाव फाट्यावर, नातू दुबईत. नातवाच्या शाळेत हिंदी विषय आहे आणि वहीत ‘मेरा पुस्तक’वर लाल रेघ पडली आहे. मराठीत ‘माझं पुस्तक’ बरोबर म्हणणारं मूल हिंदीत इथेच का अडतं?

‘ते’ कुठे गेलं?

मराठीत तीन लिंगं आहेत: तो, ती, ते. हिंदीत दोनच. जुन्या भाषेतलं नपुंसकलिंग मराठी, कोकणी आणि गुजरातीने जपलं. हिंदीत ते बहुतेक ठिकाणी पुल्लिंगात मिसळलं. म्हणून पहिला नियम सोपा आहे: मराठीत ‘ते’ असेल, तर हिंदीत ‘मेरा’ म्हणून पाहा.

‘ते घर’चं होतं ‘मेरा घर’, ‘ते दूध’चं ‘मेरा दूध’. केळं, अंडं, सोनं यांचं तर रूपच बदलतं: केला, अंडा, सोना. शेवटचा ‘आ’ पुल्लिंग सांगतो.

याच नियमाने एक कोडंही सुटतं. ‘ई’ने संपणारे हिंदी शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतात. मग ‘पानी’ आणि ‘दही’ पुल्लिंगी कसे? मराठीत ‘ते पाणी’, ‘ते दही’ म्हणून पाहा, उत्तर तिथेच आहे.

पाच बंडखोर

काही शब्द नियम मोडतात. ‘ते पुस्तक’ आणि ‘ते नाक’ हिंदीत स्त्रीलिंगी होतात. ‘तो चहा’, ‘तो आवाज’ आणि ‘तो बर्फ’ यांचंही तसंच. पाचही एका गोष्टीत बसवा:

मीठी आवाज़ आई, मेरी पुस्तक गिरी, अच्छी चाय छलकी, छोटी नाक जली, ठंडी बर्फ लगी.

आवाजाने दचकून पुस्तक पडलं, चहा सांडला, नाक भाजलं, बर्फ लावला. मुलाने हे चित्र काढावं आणि वाक्य मोठ्याने म्हणावं. प्रत्येक तुकडा ‘ई’ने संपतो, त्यामुळे चूक कानाला लगेच खटकते.

सराव करताना

शब्द एकटा पाठ करू नये, ‘मेरा’ किंवा ‘मेरी’ लावूनच म्हणावा. ‘लाल’ किंवा ‘गरम’ लावून उपयोग नाही. ‘गरम दूध’, ‘गरम चाय’ यांत ‘गरम’ बदलतच नाही, त्यामुळे मुलाला लिंग कळलं की नाही हे समजत नाही.

आजीने व्हिडिओ कॉलवर वस्तू दाखवावी. नातवाने आधी मराठीत ‘तो, ती, ते’ सांगावं, मग हिंदीत ‘मेरा’ की ‘मेरी’.

युक्ती कुठे चालत नाही?

मराठीत वेगळाच शब्द असेल तिथे. ‘ते औषध’, पण ‘मेरी दवा’; ‘ते वय’, पण ‘मेरी उम्र’. अशा वेळी अनेकवचन पाहावं. ‘दवाएँ’, ‘किताबें’ यांसारखा ‘एँ’ किंवा ‘एं’ ऐकू आला, की शब्द स्त्रीलिंगी. पुल्लिंगी ‘घर’ अनेकवचनातही ‘घर’च राहतं, ‘केला’चे ‘केले’ होतात.