वंध्यत्वोपचारातील इंजेक्शने : साठवण, प्रवास, चुकलेला डोस आणि वापरलेल्या सुया

आयव्हीएफ उपचारात साधारण दहा-बारा दिवस रोज घरीच संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात. ती तीन कामांसाठी असतात. एफएसएच हे स्त्रीबीजांच्या पिशव्या वाढवते. सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स बीजे वेळेआधी सुटू देत नाही. आणि शेवटचे ‘ट्रिगर’, म्हणजे बहुधा एचसीजी, बीजांना पक्वतेच्या अखेरच्या टप्प्यावर नेते. गडहिंग्लज, आजरा, गगनबावडा अशा भागांतून उपचारासाठी कोल्हापुरात येणाऱ्या जोडप्यांना ही औषधे एसटीने किंवा दुचाकीवरून घरी न्यावी लागतात.

एफएसएच आणि एचसीजी ही प्रथिने आहेत. जास्त उष्णतेत ती हळूहळू निकामी होतात, पण गोठली तर एकदमच बिघडू शकतात. त्यामुळे बर्फाच्या खड्याला टेकवून नेलेले पेन हे उन्हात तासभर राहिलेल्या पेनापेक्षा अधिक धोक्यात असते. लोक नेमके उलटे समजतात. गोठून वितळलेले औषध पुन्हा पाण्यासारखे स्वच्छ दिसू शकते. ढगाळपणा, कण किंवा तंतू दिसले तर ते टाकायचेच. पण औषध स्वच्छ दिसते म्हणून ते चांगले आहे असे ठरत नाही.

खोक्यावरचे तापमान प्रत्येक औषधाचे वेगळे असते. फॉलिट्रोपिन अल्फाचे पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे. फ्रीजबाहेर ते २५ अंशांपर्यंत तीन महिने चालते, मात्र एकदा वापरायला घेतले की २८ दिवसांत संपवावे लागते. एचसीजीची भरलेली सिरिंज २५ अंशांपर्यंत ३० दिवस बाहेर राहू शकते, पण नंतर परत फ्रीजमध्ये ठेवायची नसते. गॅनिरेलिक्सला ३० अंशांपर्यंत चालते. हेच औषध दुसऱ्या कंपनीचे असेल तर आकडे बदलू शकतात, म्हणून आपल्या हातातल्या खोक्यावरचा मजकूरच प्रमाण मानावा आणि औषध बाहेर काढल्याची तारीख त्यावरच पेनाने लिहावी. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा ‘खोलीचे तापमान’ हा शब्द कपाटातल्या औषधाला लागू पडत नाही. घरी फ्रीजचा मधला कप्पा बरा. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली, मागच्या भिंतीला टेकून ठेवलेले औषध गोठते, आणि दारात ठेवलेल्याला दर उघडझापीत गरम हवा लागते.

प्रवासासाठी उत्तम धडा गावोगाव लस नेणाऱ्या आरोग्यसेविकांकडून घ्यावा. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक त्या लगेच डब्यात ठेवत नाहीत. त्यावर दव येऊन तो हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवतात. आत पाणी झाले की पॅक शून्य अंशावर आलेला असतो. घरचा जेल पॅकही थोडा वेळ बाहेर ठेवून, मऊ पडल्यावरच वापरावा. औषध मूळ खोक्यातच, खोके टॉवेलात गुंडाळून, मग पॅकशेजारी ठेवावे. पॅक नसेल आणि औषध २५-३० अंशांपर्यंत चालणारे असेल तर ओल्या कापडाची पिशवी कामी येते. पाण्याचे बाष्प होताना ती थंड होते, माठासारखीच. मात्र हे कोरड्या एप्रिलात जमते. जुलैच्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून थंडावाही मिळत नाही. बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत औषध कधीच ठेवू नये. विमानात ते हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याचा धोका असतो.

पावसाळ्याचा विचार कोल्हापूरकरांना वेगळा करावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराचे पाणी आल्याने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. पंचगंगेचे पाणी वाढत असताना उपचार सुरू असतील, तर पुढची सगळी इंजेक्शने आधीच घरी आणावीत आणि रस्ता बंद झाल्यास ट्रिगरच्या दिवशी काय करायचे हे क्लिनिकशी आधीच ठरवावे. वीज गेली तर फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

डोस चुकला तर काय करायचे, हे कोणता डोस चुकला त्यावर ठरते. एफएसएच शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून दोन-चार तासांचा उशीर सहसा सोसतो. आठवताच क्लिनिकला फोन करावा. दोन डोस एकदम कधीही घेऊ नयेत, कारण अंडाशये अतिउत्तेजित होण्याचा धोका असतो. पेनातले औषध अर्ध्यातच संपले तर खिडकीत शून्याऐवजी एक आकडा दिसतो. तेवढेच औषध नव्या पेनातून घ्यायचे राहिलेले असते. गॅनिरेलिक्सच्या दोन इंजेक्शनांत ३० तासांपेक्षा जास्त अंतर नसावे. काल सकाळी नऊला घेतले आणि आज दुपारी एकला आठवले, तर २८ तास झाले. लगेच घ्यावे आणि कळवावे. संध्याकाळी पाचला आठवले तर ३२ तास झाले. तरीही लगेच घ्यायचेच, पण बीजे सुटायला निघाली का हे पाहण्यासाठी डॉक्टर रक्ततपासणी सांगू शकतात, म्हणून फोन त्याच वेळी करायचा.

खरी गफलत ट्रिगरला होते. बीजे काढण्याची वेळ त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी ठरवलेली असते. समजा, सोमवारी रात्री नऊचे ट्रिगर आहे आणि बुधवारी सकाळी नऊला बीजे काढायची आहेत. पुण्याहून परतताना एसटी कराडजवळ अडकली आणि इंजेक्शन रात्री एकला घेतले गेले. बुधवारी नऊला ३२ तासच होतात. बीजे पिशवीच्या भिंतीला चिकटून राहण्याची आणि अपक्व असण्याची शक्यता वाढते. रात्रीच फोन केला तर क्लिनिक शस्त्रक्रिया दुपारी एकला नेऊ शकते आणि ३६ तास पूर्ण होतात. ओरडा बसेल म्हणून ‘नऊलाच घेतले’ असे सांगितले, तर सगळे चक्र वाया जाऊ शकते. वेळ उलट्या बाजूनेही चुकते: फार आधी घेतले तर बीजे काढण्याआधीच सुटतात. म्हणून ट्रिगरच्या रात्री प्रवासच नको, आणि टाळता येणार नसेल तर औषध, सुई आणि क्लिनिकचा रात्रीचा नंबर हातातल्या पिशवीत असावा.

पेनाची सुई प्रत्येक वेळी काढून टाकायची असते. ती लावून ठेवल्यास औषध गळते आणि आत हवा शिरते. अशा रीतीने एका उपचारात वीस-पंचवीस सुया सहज जमतात. सिरिंजच्या सुईवर परत टोपण बसवताना बोटाला टोचण्याचा धोका मोठा, म्हणून ती तशीच जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत टाकावी. कपडे धुण्याच्या द्रवाची किंवा फिनेलची रिकामी बाटली चांगली. पाण्याची पातळ बाटली सुई भोसकते. बाटली तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर ‘सुया – उघडू नका’ असे लिहावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यात धरले. त्या घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात गेल्या, तर त्या कचरा हाताने निवडणाऱ्या बाईच्या तळव्यात जातात. बाटली परत घ्याल का, हे उपचार सुरू होतानाच क्लिनिकला विचारावे. रुग्णालयांचा तीक्ष्ण कचरा जैववैद्यकीय कचरा प्रक्रिया केंद्राकडे स्वतंत्र जात असतो, त्यात ही बाटली सामावते.

वापरलेली सुई दुसऱ्या कोणाला टोचलीच, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. पिळू नये, तोंडात घालू नये. त्याच दिवशी सीपीआरसारख्या रुग्णालयात जावे. एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक औषध द्यायचे ठरले, तर ते शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते.